पारशी मित्राच्या मुलाच्या नवजोतला जाताय? मंचावर काय घडतं आणि पाहुण्यांनी काय पाळायचं?

समजा, तुम्ही बुलढाण्यात राहता आणि मुंबईतल्या जुन्या पारशी मित्राकडून कार्ड येतं: मुलाची नवजोत आहे, स्थळ ऑल्बलेस बाग, चर्नी रोड, वेळ संध्याकाळची. मलकापूरहून रेल्वेने मुंबई गाठायची, हे ठरतं. पण पुढचे प्रश्न तसेच राहतात. हा वाढदिवस आहे की मुंज? आपण पारशी नाही, मग विधी बघायला बसता येतं का? आहेर काय न्यायचा? २०११च्या जनगणनेनुसार देशात पारशी लोकसंख्या ५७,२६४ होती आणि त्यातले बहुतेक मुंबई आणि गुजरातमध्ये राहतात. त्यामुळे आपल्याकडे अनेकांना हा विधी पाहण्याची संधी पहिल्यांदाच मिळते.

आधी थोडक्यात उत्तर. बागेत किंवा हॉलमध्ये होणारी नवजोत पाहुण्यांना पाहता येते. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवायची: विधीआधी मुलाला शुद्धीचं स्नान घातलं जातं. तिथपासून शेवटचा आशीर्वाद मिळेपर्यंत मूल आणि धर्मगुरू यांना इतरांनी स्पर्श करायचा नसतो. पाहुण्यांसाठीचे बहुतेक संकेत या एका गोष्टीतून येतात.

नवजोत म्हणजे काय?

पारशी किंवा झरथुष्ट्री कुटुंबात जन्मलेलं मूल स्वतःच्या तोंडाने धर्म स्वीकारतं, तो हा विधी. 'नव' म्हणजे नवा आणि 'जोत' म्हणजे प्रार्थना म्हणणारा, असा या शब्दाचा अर्थ लावला जातो. इराणमधले झरथुष्ट्री याच विधीला 'सेद्रे-पुशी' म्हणतात, म्हणजे सदरा घालणं.

वय साधारण सात ते अकरा. प्रार्थना पाठ होतील आणि आपण काय बोलतोय हे थोडंफार कळेल इतकं मोठं, पण वयात येण्याआधी, असा हिशोब असतो. त्याआधी काही महिने मूल घरी किंवा धर्मगुरूंकडे अवेस्ता भाषेतल्या प्रार्थना पाठ करत असतं.

मराठी माणसाला लगेच मुंज आठवते आणि तुलना काही अंशी बरोबरही आहे. पण फरक ठळक आहेत. नवजोत मुलगा आणि मुलगी दोघांचीही होते, आणि विधीही सारखाच असतो. केस कापले जात नाहीत. दोरा खांद्यावरून नाही, कमरेभोवती बांधतात. आणि तो रोज सोडून पुन्हा बांधायचा असतो.

सदरा आणि कुस्ती

विधीच्या केंद्रस्थानी दोन वस्तू आहेत. पहिली 'सदरा' (पारशी उच्चार 'सुदरेह'): पांढऱ्या मलमलीचा, अंगालगत घालायचा साधा अंगरखा. त्याच्या गळ्याशी बोटभर आकाराचा एक छोटा खिसा शिवलेला असतो. त्यात पैसे ठेवत नाहीत. माणसाने आयुष्यभर सत्कर्मं साठवायची, त्याची ती खूण.

दुसरी 'कुस्ती': मेंढीच्या लोकरीच्या ७२ धाग्यांची पोकळ, अरुंद पट्टी. परंपरेने ती धर्मगुरूंच्या घराण्यातल्या स्त्रिया छोट्या मागावर विणत आल्या आहेत. ७२ ही संख्या 'यस्न' या प्रार्थनाग्रंथातल्या अध्यायांची. इथे 'कुस्ती' हा शब्द ऐकून आखाडा आठवला तर ते साहजिक आहे, पण त्याचा इथे संबंध नाही.

मंचावर येण्याआधी: नाहण

पाहुणे जमत असताना आत मुलाचं 'नाहण' चालू असतं. मूल डाळिंबाचं पान चावतं आणि 'निरंग'चा घोट घेतं. निरंग म्हणजे दीर्घ विधी करून पवित्र केलेलं बैलाचं मूत्र. गोमूत्र शिंपडण्याची सवय असलेल्या आपल्या घरांना यात फार नवल वाटू नये. अलीकडे काही ठिकाणी त्याऐवजी डाळिंबाचा रस देतात. त्यानंतर प्रार्थना म्हणून स्नान होतं. हा भाग खासगी असतो, पाहुण्यांनी तिकडे डोकवायचं नाही.

इथेच नवख्या पाहुण्याची चूक होते. मूल स्नान करून बाहेर येतं, तेव्हा आपण कौतुकाने गालाला हात लावायला किंवा पेढा भरवायला पुढे जातो. असा स्पर्श झाला, तर घेतलेली शुद्धी मोडली असं मानतात आणि घरच्यांची पंचाईत होते. कौतुक करा, पण लांबूनच. मिठी आणि सेल्फी शेवटी.

विधी कसा होतो?

मुलाच्या अंगावर पांढरी विजार आणि डोक्यावर टोपी असते. वरच्या अंगाला फक्त शुभ्र कापड किंवा शाल लपेटलेली असते, कारण सदरा अजून मिळायचा आहे. मंचाजवळ घरातल्या स्त्रिया 'अच्छू-मिच्छू' करतात: अंडं, नारळ अशा वस्तू मुलावरून ओवाळून टाकतात. आपल्याकडच्या औक्षण आणि दृष्ट काढण्याशी याचं नातं लगेच कळतं.

मंचावर मूल पाटावर बसतं, समोर पांढऱ्या जाम्यात आणि पगडीत मुख्य धर्मगुरू. बाजूला चांदीच्या 'अफर्गान्या'त अग्नी असतो, त्यावर सुखड म्हणजे चंदन आणि लोबान घालतात. तुपाचा दिवा तेवत असतो. तबकात नवे कपडे, तांदूळ, नारळ, फुलं, विड्याची पानं असतात.

पुढचे टप्पे क्रमाने ओळखता येतात.

पहिला टप्पा पश्चात्तापाच्या प्रार्थनेचा, 'पतेत'चा. धर्मगुरू ती म्हणतात आणि मूल सोबत म्हणतं. हा भाग एकसुरी आणि बराच वेळ चालणारा आहे. पाहुण्यांची कुजबुज इथेच वाढते, ती टाळा.

दुसऱ्या टप्प्यात मूल उभं राहतं आणि नवा सदरा हातात धरून 'दीन-नो-कलमो' म्हणतं. अहुर मझ्दाने झरथुष्ट्राच्या हाती पाठवलेला हा धर्म खरा आणि चांगला आहे, अशी ती कबुली आहे. मग 'यथा अहू वैर्यो' ही प्रार्थना म्हणत धर्मगुरू सदरा अंगात घालतात. मूल अडखळलं तर धर्मगुरू हळूच शब्द सुचवतात. त्याने विधी बिघडत नाही, त्यामुळे हसू नका.

तिसरा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा. धर्मगुरू मुलाच्या मागे उभे राहतात आणि दोघं एकाच दिशेला, प्रकाशाकडे तोंड करतात. मोठ्याने प्रार्थना म्हणत ते कुस्तीचे कमरेभोवती तीन वेढे घेतात, पुढे दोन गाठी आणि मागे दोन गाठी. मुलाच्या दृष्टीने तो दिवस इथे पूर्ण होतो. उद्यापासून झोपेतून उठल्यावर, शौचाहून आल्यावर आणि प्रार्थनेआधी त्याने कुस्ती स्वतः सोडायची आणि पुन्हा बांधायची.

चौथ्या टप्प्यात मूल पुन्हा बसून श्रद्धेची प्रार्थना म्हणतं: मी मझ्दाची उपासक व्यक्ती आहे, चांगले विचार, चांगले शब्द आणि चांगली कृती यांना मी मानतो. कपाळाला कुंकू लावलं जातं, मुलाला उभं आणि मुलीला गोल. शेवटी 'तंदुरुस्ती' हा आशीर्वाद. तांदूळ, डाळिंबाचे दाणे, खोबऱ्याचे तुकडे, मनुका, बदाम यांचं मिश्रण मुलाच्या डोक्यावर टाकतात. आपल्या अक्षतांसारखाच हा प्रकार, फक्त इथे त्या धर्मगुरू टाकतात. पाहुण्यांना वेगळ्या अक्षता वाटत नाहीत, त्यामुळे खुर्चीत बसून राहिलात तरी काही चुकत नाही.

हे दाणे पडलेले दिसले की समजा, आता मंचावर जाऊन शुभेच्छा देता येतील. मूल आत जाऊन नवे कपडे घालून येतं आणि मग फोटोंची रांग लागते.

उशिरा गेलं तर चालेल का?

जेवणापुरतं जाणारे खूप असतात आणि यजमान रागावत नाहीत. पण वरचं सगळं साधारण तासाभरात आटोपतं आणि शक्यतो सूर्यास्ताआधी उरकायचं असतं. लग्नाच्या मुहूर्तासारखं 'पुढे-मागे होईलच' असं धरून निघालात, तर कुस्ती बांधलेली दिसणार नाही. कार्डावरच्या वेळेच्या पंधरा मिनिटं आधी पोहोचा.

अग्यारीत जाता येतं का?

नाही. भारतात पारशी अग्यारीत, म्हणजे अग्निमंदिरात, बिगर-पारशींना प्रवेश नसतो. नवजोतसाठी मंचावर असलेला अग्नी वेगळा, तो पाहता येतो. पण कुटुंब आधी किंवा नंतर अग्यारीत दर्शनाला गेलं, तर तुम्ही बाहेर थांबा. कार्डावर विधीचं ठिकाण अग्यारीच असेल, तर पाहुण्यांनी कुठे बसायचं हे यजमानांना आधीच विचारा.

आणखी एक प्रश्न मात्र विचारू नका: 'मुलाची आई पारशी आहे का?' किंवा 'माझी नवजोत होईल का?' समाजात यावर शंभरहून अधिक वर्षं वाद आहे. १९०८ साली मुंबई उच्च न्यायालयात दावर आणि बीमन या न्यायमूर्तींसमोर हाच मुद्दा आला होता. उद्योगपती रतनजी दादाभॉय टाटा यांच्या फ्रेंच पत्नी सुझान यांची नवजोत झाली होती, तरी त्यांना पारशी संस्थांचे हक्क मिळावेत का, हा त्यामागचा प्रश्न होता. पारशी वडिलांची मुलं समाजाची, हा दृष्टिकोन त्या निकालानंतर रूढ झाला. बाहेर लग्न केलेल्या पारशी स्त्रियांच्या मुलांची नवजोत करायला काही धर्मगुरू तयार असतात, बरेच नसतात. तुमच्यासाठी कुतूहलाचा असलेला हा प्रश्न समोरच्या कुटुंबासाठी जखम असू शकतो.

आहेर, कपडे, जेवण

पाकिटात रोख रक्कम देणं सर्वमान्य आहे, आणि आपल्यासारखाच १०१, ५०१ असा एक रुपया वर ठेवतात. लग्नाला घालाल तसे कपडे चालतात. काळा रंग टाळलेला बरा.

जेवणाची हाक असते, 'जमवा चालोजी'. लांब टेबलांवर केळीची पानं मांडतात आणि पंगती उठतात. गाजर आणि सुक्या मेव्याचं गोड 'लगननु अचार', रोटली, चटणी लावून पानात उकडलेली 'पातरानी मच्छी', बटाट्याच्या सळ्या घातलेलं चिकन किंवा मटण, मटण पुलाव-दाळ आणि शेवटी कस्टर्ड, असा साधारण क्रम. मुख्य पदार्थ मांसाहारी असतात, म्हणून शाकाहारी असाल तर यजमानांना आठवडाभर आधी सांगा. वाढपी पानाजवळ आल्यावर सांगितलंत, तर रोटली आणि अचारावर भागवावं लागेल.

आणि मुलाला भेटल्यावर काय म्हणायचं? 'नवजोत मुबारक.' तंदुरुस्तीनंतर हात मिळवून म्हटलं, तरी चालतं.