बॅकफिल (खंडित दिवसांचा डेटा भरणे)

बॅकफिल : मूळ स्रोत काही काळ बंद पडल्यामुळे अहवालात न आलेल्या दिवसांचा डेटा स्रोत सुरू झाल्यावर मागाहून भरण्याची क्रिया. आधीच छापलेले किंवा जाहीर झालेले आकडे तिच्यामुळे हलू नयेत, ही तिची मुख्य अट आहे. तासागणिक मोजमाप आणि दिवसागणिक अहवाल असलेल्या कामात तिची गरज वारंवार पडते. बंगळुरूच्या हवा गुणवत्ता नोंदी हे त्याचे सोपे उदाहरण. पीण्या, बीटीएम लेआउट, हेब्बाळ, जयनगर, सिल्क बोर्ड अशा ठिकाणची स्वयंचलित केंद्रे सूक्ष्म धूलिकणांचे (पीएम २.५) सतत मोजमाप करतात आणि हा डेटा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर दिसतो.

खंडाचे प्रकार : खंड दोन प्रकारचे असतात. केंद्राने मोजले, पण पोर्टल किंवा जोडणी बंद असल्याने डेटा पोचला नाही, हा पहिला प्रकार. हा खंड भरता येतो. यंत्रच बंद होते किंवा त्याचे अंशांकन चालू होते, तर मोजमापच झालेले नसते. ते तास रिकामेच ठेवावेत. मागच्यापुढच्या तासांची सरासरी तिथे घालणे हा अंदाज झाला, बॅकफिल नव्हे.

उदाहरण : समजा, ११ मार्चच्या रात्री ९ पासून १५ मार्चच्या मध्यरात्रीपर्यंत (१४ तारीख संपेपर्यंत) एका केंद्राचा डेटा पोचला नाही. १२, १३ आणि १४ मार्चचे ७२ तास पूर्ण रिकामे आहेत, पण ११ तारखेचेही ३ तास गेले आहेत. राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांकासाठी किमान १६ तासांचा डेटा लागतो. ११ तारखेचे २१ तास हाती असल्याने त्या दिवसाची ५८ मायक्रोग्रॅम ही सरासरी 'समाधानकारक' म्हणून आधीच जाहीर झाली. उरलेल्या ३ तासांची सरासरी ८६ निघाली, तर २४ तासांची सरासरी ६१.५ होते आणि दिवस 'मध्यम' गटात जातो. म्हणून पूर्ण रिकामे दिवस थेट भरावेत. कडेच्या अर्धवट दिवसाचा जाहीर आकडा मात्र तसाच ठेवावा आणि नवा आकडा तारखेसह 'सुधारित' म्हणून वेगळ्या रकान्यात नोंदवावा.

वेळेची सीमा : बहुतेक सर्व्हर यूटीसी वेळ पाळतात. भारतीय दिवस तिथे आदल्या दिवशी सायंकाळी ६.३० ला सुरू होतो. यूटीसीनुसार १२ ते १४ मार्च मागवले, तर १२ तारखेचे पहाटे ५.३० पर्यंतचे तास येत नाहीत आणि १५ तारखेचे तेवढेच तास पुन्हा येतात. ही चूक सहज लपते. १२ तारखेला साडेअठरा तास मिळतातच, त्यामुळे १६ तासांची अट पूर्ण होते आणि अहवालात काही खटकत नाही. म्हणून आज्ञेत वेळेसोबत कालविभाग स्पष्ट लिहावा.

भरणा : आलेला डेटा आधी तात्पुरत्या तक्त्यात घ्यावा आणि तिथून ठरलेल्या सीमेतला तेवढाच मुख्य तक्त्यात न्यावा. पोस्टग्रेसमध्ये केंद्र आणि तास या जोडीवर अनन्य अट असेल, तर पुढील आज्ञा चालते :

```sql
INSERT INTO hourly_pm25 (station_id, hour_start, value)
SELECT station_id, hour_start, value
FROM staging_pm25
WHERE hour_start >= '2024-03-12 00:00+05:30'
  AND hour_start <  '2024-03-15 00:00+05:30'
ON CONFLICT (station_id, hour_start) DO NOTHING;
```

शेवटच्या ओळीमुळे आधीची ओळ बदलत नाही. ही आज्ञा चुकून दोनदा चालली तरी आकडे दुप्पट होत नाहीत. मात्र तिला एक मर्यादा आहे. खंडाच्या काळात रोजच्या कामाने रिकाम्या किंवा शून्य किमतीच्या ओळी आधीच लिहून ठेवल्या असतील, तर ही आज्ञा त्यांनाही हात लावत नाही. आज्ञा बिनचूक चालल्यासारखी दिसते आणि खंड तसाच राहतो. अशा ओळी आधी शोधून, खंडाच्या सीमेतल्या तेवढ्याच काढून टाकाव्यात.

पडताळणी : भरण्यापूर्वी आणि भरल्यानंतर सीमेबाहेरच्या प्रत्येक दिवसाच्या ओळींची संख्या आणि किमतींची बेरीज काढावी. दोन्ही वेळा ती तंतोतंत सारखी यायला हवी. सीमेतल्या दिवसांना प्रत्येक केंद्रामागे जास्तीत जास्त २४ ओळी असाव्यात. मंडळाचे दैनिक पत्रक दुपारी ४ वाजेपर्यंतच्या २४ तासांवर आधारित असते. त्यामुळे तसा मागील २४ तासांचा आकडा वापरणाऱ्या अहवालात १४ तारखेचे भरलेले तास १५ तारखेच्या आकड्यातही मिसळतात. तिथे कच्चा तक्ता शाबूत असला तरी जाहीर झालेला आकडा बदलू शकतो, म्हणून जाहीर आकडे दर वेळी नव्याने मोजून न दाखवता स्वतंत्र तक्त्यात गोठवून ठेवतात.