तोफेचा नेम आणि पितळी चाकांचं गणित

ज्यांना हा भाग कानात घालून ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे लिखित रूप. बोलताना जी आकडेमोड मी घाईत उरकली, ती इथे जरा सावकाश मांडली आहे.

गोष्ट सुरू होते 1900 साली, माल्टाजवळच्या समुद्रात. आर्थर पोलन नावाचा एक इंग्रज गृहस्थ ब्रिटिश नौदलाचा तोफांचा सराव बघायला गेला होता. हा नौदलातला नव्हे. छापखान्यांना लागणारी लायनोटाइप यंत्रं बनवणाऱ्या कंपनीचा तो प्रमुख होता. त्याने पाहिलं की जहाजं साधारण 1400 गजांवरच्या लक्ष्यावर गोळे टाकताहेत, म्हणजे जेमतेम सव्वा किलोमीटरच्या आसपास अंतर. त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध चालू होतं. तिथे जहाजावरून उतरवलेल्या तशाच तोफा जमिनीवरून कित्येक मैल लांब मारा करत होत्या. पोलनला साधा प्रश्न पडला: तोफ तीच, मग समुद्रावर तिचा पल्ला एवढा कमी का?

तेव्हा नेम धरला जायचा डोळ्याने. त्यात उस्ताद होता पर्सी स्कॉट. जहाज लाटांवर डुलतं, त्यामुळे तोफ सतत वरखाली होते. आधीचे तोफची नेमका क्षण येईपर्यंत थांबायचे आणि मग गोळा सोडायचे. स्कॉटने त्यांना दुर्बिणीतून बघत, हाताने चाक फिरवत, तोफ सतत लक्ष्यावर धरून ठेवायला शिकवलं. 1899 मध्ये त्याच्या 'सिला' या जहाजाने सरावात 70 पैकी 56 गोळे लक्ष्यावर मारले. बाकीचं नौदल बघतच राहिलं.

पण हे सगळं जवळच्या माऱ्याचं कौतुक. इतक्या कमी अंतरावर गोळा जवळपास सरळ रेषेत जातो. अंतर थोडं चुकलं तरी गोळा जहाजाच्या कुठल्यातरी भागावर बसतोच. टॉर्पेडोचा पल्ला वाढत गेला तसं जवळ जाणं धोक्याचं झालं, आणि लढाईचं अंतर 10,000 गजांकडे सरकू लागलं. तिथे गोळा वर चढून, वळून, खाली येतो. अंतरात शंभर गजांच्या आसपास चूक झाली की तो सरळ पाण्यात.

आता खरी अडचण बघू. कागद-पेन घेतलंत तर मजा येईल.

समजा, शत्रूचं जहाज नांगर टाकून उभं आहे. आपण 20 नॉट वेगाने सरळ रेषेत चाललोय. 20 नॉट म्हणजे मिनिटाला साधारण 675 गज. आपल्या मार्गापासून शत्रू 8000 गज बाजूला आहे आणि त्याच्या बरोबर समोर पोहोचायला आपल्याला अजून 6000 गज जायचंय. पायथागोरस आठवा: 6, 8, 10. म्हणजे आत्ता अंतर 10,000 गज. या क्षणी ते मिनिटाला 405 गजांनी कमी होतंय.

गोळ्याला एवढ्या अंतरावर पोहोचायला धरा पंधरा सेकंद. तेवढ्यात अंतर शंभर गजांनी बदललेलं असणार. म्हणजे आत्ताचं अंतर अगदी बिनचूक मोजून तोफ लावली, तरी गोळा चुकण्याची शक्यता आहेच. नेम धरायचा तो शत्रू जिथे दिसतोय तिथे नाही, तर गोळा पोहोचेल तेव्हा जे अंतर असेल त्यावर.

ठीक आहे, मग मिनिटाला 405 वजा करत राहू. एका मिनिटानंतर आपला हिशोब सांगतो 9595, प्रत्यक्षात 9610. फरक 15 गज, चालेल. दोन मिनिटांनी हिशोब 9190, प्रत्यक्षात 9253. फरक 63, आता जरा धाकधूक. चार मिनिटांनी हिशोब 8380 आणि प्रत्यक्षात 8654. फरक 274 गज! गोळे आता सगळे अलीकडे, पाण्यात.

काय झालं? अंतर बदलत होतं हे आपण धरलं, पण बदलाचा वेगही बदलतो हे विसरलो. सुरुवातीला तो 405 होता, चार मिनिटांनी 257 वर आला. आपण शत्रूच्या बरोबर समोर येऊ तेव्हा तो शून्य होईल, आणि पुढे अंतर वाढायलाच लागेल. आणि हे शत्रू उभा असताना! तोही पळत असेल तर काय होईल, कल्पना करा.

तुम्ही म्हणाल, गोळा कुठे पडला ते बघून दुरुस्त करायचं ना. करायचेच. डोलकाठीवर, उंचावर, एक अधिकारी बसायचा. गोळा पडला की पाण्याचा उंच स्तंभ उठतो. तो शत्रूच्या अलीकडे उठला तर अंतर वाढवा, पलीकडे उठला तर कमी करा. पण निरीक्षण, निरोप, तोफ नव्याने लावणं, पुन्हा गोळ्याचा प्रवास, या सगळ्यात अर्धं-पाऊण मिनिट सहज जातं. म्हणजे दुरुस्ती पोहोचते तोवर ती शिळी झालेली असते. कॅबच्या अ‍ॅपमध्ये नेट गेल्यावर गाडीचा ठिपका जुन्याच वेगाने सरळ पुढे सरकत राहतो आणि गाडी मात्र केव्हाच गल्लीत वळलेली असते, तसंच.

यावर पहिले उपाय हाताने चालणारे होते. नौदल अधिकारी ड्यूमारेस्क याने 1902 च्या सुमारास एक उपकरण काढलं. त्यावर आपला वेग, शत्रूचा अंदाजे वेग आणि दिशा लावली की अंतर मिनिटाला किती गजांनी बदलतंय ते वाचता यायचं. दुसरं होतं व्हिकर्स कंपनीचं घड्याळ. त्याचा काटा वेळेऐवजी अंतर दाखवायचा. ड्यूमारेस्कवरून दर वाचायचा, घड्याळाला तो दर लावायचा, काटा त्या वेगाने फिरत राहणार. पण दर बदलला की कुणीतरी पुन्हा वाचून पुन्हा लावायचा. आपलं 405 चं उदाहरण हेच: माणसाने दोन मिनिटं दुर्लक्ष केलं की घड्याळ शांतपणे खोटं बोलू लागतं.

पोलन आणि त्याचा इंजिनिअर हॅरोल्ड आयशरवुड यांचं 'आर्गो क्लॉक' इथे वेगळं ठरलं. त्याचं हृदय म्हणजे तबकडी आणि बॉल. एक आडवी तबकडी कायम एकाच वेगाने फिरते. तिच्यावर एक पोलादी बॉल टेकलाय. बॉल बरोबर मध्यावर असेल तर तो फिरतच नाही. मध्यापासून जितका बाहेर, तितका जोरात फिरतो. मध्य ओलांडून पलीकडे गेला की उलटा फिरतो. बॉल एका रोलरला फिरवतो, आणि रोलर अंतराच्या आकड्याला. बॉल मध्यापासून किती लांब आहे, हा झाला दर. रोलर एकूण किती फिरला, हा झाला अंतरातला एकूण बदल. मी रोज कोड लिहितो, म्हणून मला ते असं दिसतं:

```
range = range + rate * dt
```

फरक एवढाच की इथे `dt` नावाची पायरी नाही. यंत्र क्षणोक्षणी, अखंड बेरीज करत असतं. शिवाय जहाजं पुढे सरकतात तशी दिशा बदलते, तीही हेच यंत्र काढतं, आणि नव्या दिशेवरून दर काढून बॉल स्वतःच सरकवतं. माणसाने दर पुन्हा लावायची गरज नाही. शत्रूने मार्ग बदलला नाही, तर आपलं 274 गजांचं भगदाड पडतच नाही.

पण ब्रिटिश नौदलाने मुख्यतः दुसरी पद्धत घेतली, त्यांच्याच अधिकाऱ्याची. फ्रेडरिक ड्रेयरच्या टेबलावर मोजलेली अंतरं कागदावर टिंबांनी उमटायची आणि त्या टिंबांचा उतार बघून माणूस दर ठरवायचा. उजेड चांगला आणि मोजमापं भरपूर असली की हे छान चालतं. धूर-धुक्यात टिंबं विखुरतात आणि उताराचा नुसता अंदाज उरतो. पोलनचं यंत्र खरंच किती सरस होतं यावर इतिहासकार आजही भांडतात. एवढं खरं की 1925 मध्ये सरकारी आयोगाने त्याच्या कल्पनांसाठी त्याला 30,000 पौंड देवविले.

आणि यंत्राने जहाज वाचतं असंही नाही. 'क्वीन मेरी' या ब्रिटिश जहाजावर आर्गो क्लॉक होतं, आणि तिचा नेम चांगला म्हणून नावाजला जायचा. 31 मे 1916 रोजी जटलंडच्या लढाईत तिच्या दारूगोळ्याचा स्फोट झाला आणि 1266 माणसं गेली.

हाच धागा अमेरिकेत हॅनिबल फोर्डने पुढे नेला (मोटारवाला फोर्ड नव्हे). त्याच्या रेंजकीपरमध्ये तबकडी-बॉलसोबत बेरजेसाठी डिफरेन्शियल गिअर होते. रिक्षाच्या मागच्या चाकांमध्ये असतो तोच प्रकार: दोन दांडे फिरतात, तिसरा त्यांची बेरीज दाखवतो. गोळ्याच्या उड्डाणाची कोष्टकं विशिष्ट आकारात कापलेल्या धातूच्या कॅममध्ये कोरलेली असायची. डोळ्याने पाहणाऱ्याची दुरुस्ती त्यात एका मुठीने घालायची सोय होती. मला वाटतं, खरा बदल इथे आहे. डोळा गेला नाही, त्याचं काम बदललं. आधी तो शत्रू कुठे आहे ते ठरवायचा. आता तो फक्त यंत्र किती चुकलं ते सांगू लागला.

शेवटचा प्रसंग 25 ऑक्टोबर 1944 चा, फिलिपिन्समधल्या सुरिगाव सामुद्रधुनीतला. पहाटेचा काळोख, डोळ्याला काहीच दिसत नव्हतं. अमेरिकेच्या 'वेस्ट व्हर्जिनिया'ने 22,800 गजांवरून मारा सुरू केला आणि पहिल्याच फेरीत जपानी 'यामाशिरो'ला गाठलं. पोलनने माल्टाला पाहिलेल्या अंतराच्या सोळापट!

पण त्याच रांगेत आणखी पाच अमेरिकी युद्धनौका होत्या. त्यांतल्या तिघींवर जुनं रडार होतं, त्यांना लक्ष्य नीट सापडेना. 'मेरीलँड'ने 'वेस्ट व्हर्जिनिया'च्या गोळ्यांचे पाण्याचे स्तंभ रडारवर पकडून अंतर मिळवलं. 'मिसिसिपी'ने जेमतेम एक फेरी झाडली. 'पेन्सिल्व्हेनिया'ने तर एकही गोळा सोडला नाही. गणित करणारी यंत्रं सगळ्यांकडे होती. पण तबकडी कितीही अचूक फिरली, तरी बॉल कुठे ठेवायचा हे बाहेरून कळावं लागतं.

भेटू पुढच्या भागात. आणि तो 6, 8, 10 चा त्रिकोण एकदा स्वतः कागदावर करून बघाच; आठव्या मिनिटाला किती चूक येते ते कळवा.