शोधनिबंधात लेखकाच्या नावावरचे आकडे आणि चिन्हे काय सांगतात?

शोधनिबंधाच्या पहिल्या पानावर लेखकांच्या नावांना बारीक आकडे आणि चिन्हे जोडलेली असतात. आकडा सांगतो की काम कुठे झाले. तारा किंवा खंजीर यांसारखे चिन्ह त्या लेखकाबद्दलची वेगळी माहिती देते.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे क्रिस्पर-कॅस९ या जनुकीय कात्रीवरचा 'सायन्स' नियतकालिकातला २०१२ चा निबंध. त्याची लेखकांची ओळ अशी होती:

मार्टिन जिनेक १,२*, क्रिश्टॉफ चिलिन्स्की ३,४*, इनेस फोनफारा ४, मायकेल हाउअर २†, जेनिफर डाउडना १,२,५,६‡, इमॅन्युएल शार्पेंटिए ४‡

आकड्यांचा क्रम

ओळ डावीकडून वाचत गेल्यास प्रत्येक नवी संस्था पुढचा आकडा घेते. जुनी संस्था पुन्हा आली, तर तिचा आधीचाच आकडा राहतो. त्यामुळे २ म्हणजे बर्कली आणि ४ म्हणजे स्वीडनमधले उमिया विद्यापीठ, हे शेवटपर्यंत बदलत नाही. शेवटच्या क्षणी लेखकांचा क्रम बदलला आणि आकडे तसेच राहिले, की १ नंतर थेट ३ दिसतो. चूक ओळखण्याची हीच खूण.

संस्था बदलली तर?

हाउअर यांच्या नावावर बर्कलीचा २ आहे, कारण काम तिथे झाले. निबंध छापून येईपर्यंत ते स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला गेले होते. ती माहिती † या चिन्हाने 'सध्याचा पत्ता' म्हणून खाली दिली आहे. नव्या संस्थेला आकडा दिला असता, तर तिथे न झालेल्या कामाचे श्रेय तिला मिळाले असते.

समान योगदान

जिनेक आणि चिलिन्स्की यांच्या नावांवर * आहे. तळटीप सांगते की दोघांचे योगदान समान आहे. मात्र ही टीप पहिल्या पानापुरतीच राहते. इतर निबंधांत संदर्भ देताना 'जिनेक आणि इतर' एवढेच लिहिले जाते आणि चिलिन्स्की यांचे नाव 'इतर'मध्ये जाते. म्हणून समान योगदान ठरले, तरी पहिले नाव कोणाचे, हे निबंध पाठवण्याआधीच ठरवावे लागते.

पत्रव्यवहार कोणाशी?

‡ हे चिन्ह डाउडना आणि शार्पेंटिए या दोघींच्या नावांवर आहे. निबंधाबद्दलचे प्रश्न आणि नमुन्यांची मागणी ज्यांच्याकडे येते, ते हे लेखक. त्यांचा ईमेल खाली छापतात. तो बरीच वर्षे चालू राहणारा हवा. पदवी संपताच बंद होणारा विद्यार्थ्याचा ईमेल दिला, तर पुढे आलेली पत्रे कोणापर्यंतच पोहोचत नाहीत. या दोघींना २०२० मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

कोणत्या अर्थासाठी कोणते चिन्ह, हे प्रत्येक नियतकालिक आपल्यापुरते ठरवते. त्यामुळे * दिसला म्हणजे समान योगदानच, असे धरू नये. खालची टीप वाचावी.