नागपूर, जुलै १९४२ : भाषणाचा शेवट आणि त्याची घोषणा

'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा.' हे तीन शब्द महाराष्ट्रात कुणाला शिकवावे लागत नाहीत. भिंतीवर, निळ्या झेंड्याखाली, वसतिगृहाच्या कमानीवर, सगळीकडे ते दिसतात. पण हे शब्द संदर्भ म्हणून प्रबंधात घालायचे झाले, की प्रश्न येतो: हे कधी, कुठे आणि नेमक्या कोणत्या क्रमाने म्हटले गेले?

सगळ्यात जास्त दाखला दिला जातो तो नागपूरच्या अखिल भारतीय दलित वर्ग परिषदेचा. १८ आणि १९ जुलै १९४२ ला ती भरली. अध्यक्ष होते मद्रासचे एन. शिवराज. डॉ. आंबेडकरांचं भाषण तिथलं मुख्य. इंग्रजीत छापलेल्या पाठानुसार शेवटी ते सांगतात, की माझा अखेरचा सल्ला हा, आणि मग येतात तीन क्रियापदं: educate, agitate, organize. म्हणजे इथे organize शेवटी आहे. मराठी घोषणेत दुसरी आणि तिसरी जागा बदललेली दिसते, आणि agitate च्या जागी 'संघर्ष' आलाय.

फरक किरकोळ वाटेल, पण थोडं थांबू. Agitate म्हणजे ढवळून काढणं, अस्वस्थ करणं. त्या काळच्या राजकीय इंग्रजीत agitation म्हणजे आपण ज्याला 'चळवळ' म्हणतो ते. 'संघर्ष' म्हटलं की समोर एक प्रतिपक्ष उभा राहतो. 'चळवळ' म्हटलं तर आधी स्वतःच्या लोकांना हलवणंही त्यात येतं. शिकलेला माणूस अस्वस्थ होतो आणि मग त्या अस्वस्थतेला संघटनेचं रूप देतो, असा इंग्रजी क्रमाचा अर्थ लागतो. मराठी क्रमाचा अर्थ वेगळा: आधी संघटना, मग लढा. दोन्ही रास्त आहेत, पण ती एकच सूचना नाही. ('सं'–'सं' असा नाद जुळतो, म्हणून मराठी क्रम जिभेवर बसला असावा, हा माझा अंदाज. पुरावा म्हणून वापरू नका.)

आता परिषदेत त्या दिवसांत काय झालं ते बघा. तिथेच अखिल भारतीय शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली. मार्च-एप्रिलमध्ये आलेल्या क्रिप्स योजनेत अस्पृश्यांसाठी समाधानकारक हमी नव्हती, आणि १९३६ चा स्वतंत्र मजूर पक्ष देशभरच्या अस्पृश्यांचा प्रतिनिधी म्हणून उभा राहील असा नव्हता. देशव्यापी संघटना उभी राहत असताना भाषणाचं शेवटचं क्रियापद organize असेल, तर ते नुसतं आवाहन उरत नाही. मांडवातच सुरू झालेल्या कामाकडे बोट दाखवतं. म्हणून मला इंग्रजी क्रम त्या प्रसंगाला जास्त जवळचा वाटतो.

बरं, हे शब्द तिथे पहिल्यांदा आले असंही नाही. १९२४ ला मुंबईत सुरू झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेचं ब्रीद म्हणून हेच तीन शब्द सांगितले जातात. ब्रिटनमधल्या समाजवाद्यांमध्ये ते त्याआधी, १८८० च्या दशकात प्रचारात होते. आंबेडकर १९२३ पर्यंत लंडनला शिकत होते, पण एवढ्यावरून 'तिथूनच उचलले' असं लिहिता येणार नाही. सलगता दिसते, उगम सिद्ध होत नाही.

घोषणेत जे उरलं नाही, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तीन शब्दांनंतर भाषण थांबत नाही. स्वतःवर विश्वास ठेवा, न्याय आपल्या बाजूला आहे, ही लढाई माझ्यासाठी आनंदाची आहे, ती धनासाठी किंवा सत्तेसाठी नाही, ती स्वातंत्र्यासाठी आणि माणूसपण परत मिळवण्यासाठी आहे, अशा आशयाची वाक्यं पुढे येतात. वेळ लक्षात घ्या: त्याच महिन्यात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य म्हणून त्यांची नेमणूक जाहीर झाली होती. 'सत्तेसाठी नाही' हे सत्तेच्या उंबरठ्यावरचा माणूस आपल्या लोकांसमोर म्हणतोय. घोषणा वाचली की हा ताण कळत नाही, शेवटचा पूर्ण परिच्छेद वाचला की कळतो.

तुम्हाला यावर काम करायचं असेल तर 'जनता' साप्ताहिकाचे जुलै-ऑगस्ट १९४२ चे अंक, धनंजय कीरांचं चरित्र आणि महाराष्ट्र शासनाच्या समग्र लेखनाचा खंड समोरासमोर ठेवा. प्रत्येकात तीन शब्दांचा क्रम, agitate साठी वापरलेला शब्द आणि पुढची वाक्यं आहेत का, एवढंच टिपा. आणि 'संघर्ष' हा शब्द छापील मराठीत या घोषणेसोबत पहिल्यांदा कुठल्या वर्षी दिसतो, ते वेगळ्या कागदावर लिहून ठेवा. २० जुलैला त्याच नागपुरात महिलांचीही परिषद झाली, त्यामुळे त्या आठवड्याचे अंक चाळताना तीही नजरेखालून घाला.