चित्रकथीच्या पानातील वीर कोण?

यशवंतपूरहून फारशा दूर नसलेल्या कुमार कृपा मार्गावर कर्नाटक चित्रकला परिषदेचे संग्रहालय आहे आणि तेथे कातडी बाहुल्यांचा मोठा संग्रह आहे. दिव्यापुढे पडद्यावर या बाहुल्या नाचवणाऱ्या किळ्ळेक्यात जमातीची माणसे प्रेक्षकांना कन्नडमध्ये कथा सांगतात, घरात मात्र मराठीचीच एक बोली बोलतात. महाराष्ट्रातून कोणी पाहुणा तेथे गेला, तर या बाहुल्यांचे एका बाजूने दाखवलेले चेहरे, कानापर्यंत ओढलेले डोळे आणि एकाच दिशेला वळलेली पावले त्याला ओळखीची वाटतील. हीच घडण महाराष्ट्रातील चित्रकथींच्या कागदावरील चित्रांत आढळते. या दोन कलांचे नाते अभ्यासकांनी मानले आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळील पिंगुळी गावी ठाकर समाजाची कुटुंबे चित्रकथा आणि कातडी बाहुल्या या दोन्ही कला आजही एकत्र सांभाळून आहेत. त्या गावच्या परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा चित्रकथी हा शब्द अनेकांच्या कानी पहिल्यांदा पडला.

शब्द मात्र जुना आहे. कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात चित्रे दाखवून कथा सांगणाऱ्याचा उल्लेख येतो. ही कल्याणी म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण.

भटक्या कथेकऱ्यांच्या चित्रांचे प्रकार देशभर वेगवेगळे आहेत. बंगालचे पटुआ आणि तेलंगणातील चेरियालचे चित्रकार लांब पट गुंडाळून ठेवतात व कथा पुढे सरकेल तसा उलगडत जातात. राजस्थानातील फड हे एक भले मोठे कापडच असते. आपल्या चित्रकथींकडे असतात ती सुटी पाने. साधारण फूटभर उंच, त्याहून थोडी रुंद अशी दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात आणि एका कथेच्या सर्व पानांच्या गठ्ठ्याला पोथी म्हणतात. कथेकरी पान श्रोत्यांपुढे धरतो, गातो, सांगतो आणि प्रसंग संपला की पुढचे चित्र समोर आणतो. चित्रावर नावे नसतात. नावे सांगणारा शेजारीच बसलेला असे, त्यामुळे कोणाला त्यांची उणीवही भासली नाही. पुढे पोथ्या फुटल्या, एकेक पान संग्राहकांकडे गेले, काही पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयासारख्या ठिकाणी सुरक्षित पोचली. आवाज निघून गेला आणि चित्र उरले. आता पानातील वीर कोण हे ओळखायचे, तर रंग, वेश आणि हातातील वस्तू एवढाच आधार राहिला आहे.

काही पात्रे कोणालाही ओळखता येतात. दहा तोंडे म्हणजे रावण, शेपटी आणि गदा म्हणजे मारुती, जटा, दाढी आणि कमंडलू म्हणजे कोणी ऋषी, वीणा असेल तर नारद. पोथीच्या आरंभी गणपती आणि सरस्वती येतात. खरी अडचण राजपुत्रांची आहे. चित्रकाराच्या दृष्टीने राजपुत्र म्हणजे मुकुट, मिशा, भरजरी वस्त्रे आणि धनुष्य. मग तो राम असो, अर्जुन असो, कर्ण असो. शिपाई आणि जासूद अनेकदा चित्रकाराच्या स्वतःच्या काळातील पगडी-अंगरख्यात दिसतात आणि स्त्रिया कासोट्याच्या लुगड्यात. तेव्हा वेशावरून दर्जा कळतो, नाव कळत नाही.

रंगावर तर फारच सावधपणे विसंबावे. निळ्या किंवा हिरव्या कांतीचा पुरुष दिसला की आपण राम किंवा कृष्ण म्हणून मोकळे होतो. पण महाभारतात अर्जुनही सावळाच आहे. त्याच्या नावांपैकी एक नाव ‘कृष्ण’ हेच आहे. शिवाय जुन्या चित्रांतील रंग स्वतःही बदलतो. पूर्वी हिरवा रंग अनेकदा नीळ आणि हरताळ यांच्या मिश्रणातून करीत. हरताळाचा पिवळेपणा उजेडाने उडाला की मागे नीळ उरते आणि चित्रकाराने हिरवा रंगवलेला वीर आपल्याला निळा दिसू लागतो. शिसे असलेला शेंदूर कालांतराने काळवंडतो, म्हणजे लाल वस्त्र तपकिरी भासते. म्हणून रंग पाहायचा तो पानाच्या झाकल्या गेलेल्या कडेशी, जेथे उजेड कमी पोचला आहे.

एक उदाहरण सविस्तर पाहू. समजा, एक सुटे पान आपल्यापुढे आले. दोन रथ समोरासमोर आहेत, दोन मुकुटधारी वीर एकमेकांवर बाण सोडीत आहेत, त्यांपैकी एक निळा आहे. पहिली नजर ध्वजाकडे जावी. निळ्या वीराच्या ध्वजावर वानर असेल तर तो अर्जुन. कपिध्वज हे त्याचे नावच आहे. मग समोरचा कोण? सहज तोंडी येणारे उत्तर म्हणजे कर्ण, आणि येथेच फसगत होण्याचा संभव असतो. म्हणून दुसरी नजर सारथ्याकडे टाकावी. कुरुक्षेत्रावर अर्जुनाचे घोडे कृष्णाच्या हाती आहेत. सारथी कृष्ण असेल आणि शत्रूच्या रथाचे चाक भूमीत रुतलेले असेल, तर कर्णवधाचा प्रसंग निश्चित झाला. पण सारथी एखादा सामान्य पागोटेवाला असेल, चाक रुतलेले नसेल, आणि चित्राच्या एका कोपऱ्यात कपाळावर पत्र बांधलेला सजवलेला घोडा उभा असेल, तर आपण कुरुक्षेत्रावर नाही. तो युधिष्ठिराच्या अश्वमेधाचा घोडा आहे. समोरचा वीर चित्रांगदेचा मुलगा, मणिपूरचा राजा बभ्रुवाहन, म्हणजे अर्जुनाचाच पुत्र.

चित्रकथींची ही आवडती कथा. घोडा आपल्या पित्याचा आहे हे कळताच बभ्रुवाहन भेटी घेऊन सामोरा जातो, अर्जुन त्याचा भ्याड म्हणून अपमान करतो, आणि त्यातून पेटलेल्या युद्धात बाप मुलाच्या बाणाने पडतो. कर्नाटकात हीच कथा लक्ष्मीशाच्या ‘जैमिनी भारता’मुळे घरोघरी पोचलेली आहे, हे येथे वाढलेल्या वाचकांना सांगावयास नकोच. श्रोत्यांना पुढे काय घडणार हे ठाऊक असे. तरी दोन्ही धनुर्धर एकाच साच्यातले, एकाच मुकुटाचे पाहताना त्यांच्या मनात काय येत असेल? मला तर वाटते, चित्रकाराच्या साच्याची मर्यादा या एका कथेत त्याच्या उपयोगी पडली. पिता-पुत्र सारखे दिसणे येथे दोष नव्हे.

ध्वज फाटला असेल, घोड्याचा कोपराही झडला असेल, तर स्त्रियांकडे वळावे. पुढील प्रसंगांत शोक करणाऱ्या दोघींपैकी एकीच्या डोक्यावर नागफणा असेल, तर ती अर्जुनाची दुसरी पत्नी, नागकन्या उलूपी. ज्या मण्याने अर्जुन पुन्हा जिवंत होतो तो तिच्याच नागकुळातून, पाताळातून आणावा लागतो. म्हणून त्या कथेच्या उत्तरार्धात फणाधारी मंडळी गर्दी करतात. कर्णाच्या कथेत त्यांना असे स्थान नाही.

आणि एवढ्यानेही निश्चिती झाली नाही, तर पान उलटून पाहावे. चित्रे पाठीला पाठ चिकटवलेली असल्याने मागे सहसा शेजारचाच प्रसंग असतो. तेथे नाग, मणी किंवा धावून आलेला कृष्ण दिसला की पुढच्या बाजूचा वाद मिटतो. दुर्दैवाने विकत घेतलेली पाने हौसेने चौकटीत बसवली जातात आणि मागची बाजू पुठ्ठ्याआड जाते. अशी चौकट कोणाच्या घरी भिंतीवर असेल, तर ती काढण्यापूर्वी कागदाचे जतन जाणणाऱ्यास बोलवावे. जुना रंग काचेला चिकटलेला असू शकतो आणि काच उचलताना त्याचा पापुद्रा निघून येतो.