तुळई-घटकाचा ताठरता आव्यूह

तुळईच्या दोन्ही टोकांचे विचलन (v) आणि घूर्णन (θ) यांचा तेथील बलांशी व परिबलांशी संबंध सांगणारा ४×४ सममित आव्यूह. स्थानक्रम v₁, θ₁, v₂, θ₂.

```
        | 12    6L   -12    6L  |
EI/L³ × | 6L    4L²  -6L    2L² |
        | -12  -6L    12   -6L  |
        | 6L    2L²  -6L    4L² |
```

समान लांबीच्या दोन गाळ्यांच्या सलग तुळईत मधल्या आधारावर दोन्ही घटकांचे घूर्णन एकच असल्याने तेथील पदांची बेरीज होते: 4 + 4 = 8. आधार घातल्याशिवाय जुळवलेला आव्यूह व्यस्त करता येत नाही. तिन्ही आधारांवर विचलन शून्य धरले की फक्त घूर्णने उरतात:

```
       | 4  2  0 |
EI/L × | 2  8  2 |
       | 0  2  4 |
```

फक्त डाव्या गाळ्यावर एकसमान भार w असल्यास भारस्तंभ (−wL²/12, wL²/12, 0) होतो. उकल केल्यावर मधले घूर्णन wL³/48EI मिळते आणि तेथील नमन परिबलाचे मूल्य wL²/16 येते. डाव्या घटकाचे परिबल काढताना स्थिरटोक परिबल मिळवायचे राहिले, तर मधल्या आधारावर दोन्ही बाजूंची परिबले जुळत नाहीत; चूक तिथेच कळते. कर्तन विकृती यात धरलेली नसल्याने आखूड, खोल तुळयांचे विचलन प्रत्यक्षापेक्षा कमी येते.