घोड्यापासून गाडीपर्यंत

नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवताना त्यामागचे 'शास्त्र' कोणते, असे पुष्कळदा विचारले जाते. मोटारीसाठी प्राचीन विधी असणे शक्य नव्हते; पण तिच्या आधी जो दारात उभा असे, त्या घोड्यासाठी होता. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त आश्विनातील नवव्या दिवशी अश्वांचे नीराजन, म्हणजे ओवाळणे, सांगितले आहे. वराहमिहिराने सहाव्या शतकात 'बृहत्संहिते'त नीराजनाला स्वतंत्र अध्यायच दिला. आपल्याकडे हाच दिवस खंडेनवमीचा. शस्त्रांबरोबर कारागिरांची अवजारे पूजेत आली, आणि पुढे यंत्रे व वाहने. नवमी-दसऱ्याला झेंडूच्या माळांनी सजलेली एस.टी. आपण पाहतो, ती याच वंशातली.

वाहनपूजेत आम्हांला दोन धागे वेगळे दिसतात. गाडी धुऊन स्वस्तिक काढणे, हळदकुंकू, अक्षता, फुले वाहणे आणि निरांजनाने ओवाळणे, हा सत्काराचा धागा. दुसरा भयाचा. नवमीच्या बलीऐवजी कोहळा कापण्याची मुभा धर्मग्रंथांनी दिली. नारळ फोडण्यामागेही अनेक अभ्यासक तोच पर्याय पाहतात. लिंबू मात्र दृष्ट काढण्याच्या लोकाचारातले. मोटारीच्या चार चाकांपुढे चार, दुचाकीपुढे दोन ठेवून गाडी पुढे नेली की ती चिरडतात. रस्त्यावर रक्त सांडू नये म्हणून आधीच काहीतरी सांडून द्यायचे, अशी ही समजूत आहे.

हे भय खरे आहे, म्हणूनच विधीत बेसावधपणा नको. नारळ गाडीसमोर नव्हे, बाजूला दगडावर फोडावा आणि करवंटीचे तुकडे वेचावेत. ओले कुंकू रंगावर डाग पाडते; ते लगेच पुसावे. लिंबांवरून गाडी नेताना समोर कोणी उभे राहू नये. नवख्याचा पाय नेमका तेव्हा ॲक्सिलरेटरवर जोरात पडतो.

राहिला मुहूर्त. दसरा साडेतीन मुहूर्तांपैकी एक, तेव्हा त्या दिवशी वेगळी वेळ पाहण्याची गरज परंपराही मानत नाही. इतर दिवशी राहुकाळ टाळणारे शुक्रवारी साडेदहा ते बारा सोडतात. पण हे कोष्टक सहाचा सूर्योदय आणि बारा तासांचा दिवस धरून केलेले आहे. सूर्योदय ६.४० ला आणि सूर्यास्त ६ ला असेल, तर ६८० मिनिटांचा आठवा भाग ८५ मिनिटे. शुक्रवारचा राहुकाळ हा चौथा भाग, म्हणजे १०.५५ ते १२.२०. छापील कोष्टक पाळून बाराला निघालेला मनुष्य गणिताने राहुकाळातच निघतो!

म्हणून, विम्याची कागदपत्रे हाती असावीत, उजेड असावा, चालवणारा दमलेला नसावा. आमच्या मते एवढा मुहूर्त पुरे. घोड्याला ओवाळणाऱ्यांनीही आधी त्याचा खूर तपासलाच असेल.